ब्रोशरमधला प्लॉट आणि नकाशावरचा प्लॉट

‘निसर्गाच्या सान्निध्यात, शहरापासून अवघ्या पंधरा मिनिटांवर, चार एकरांचा भव्य एन.ए. प्लॉटिंग प्रकल्प. तीस फुटी अंतर्गत डांबरी रस्ते, प्रशस्त गार्डन, अंडरग्राउंड ड्रेनेज, प्रत्येक प्लॉटला वीज आणि पाणी. पंधराशे स्क्वेअर फुटांचे फक्त शंभर प्लॉट. आजच बुकिंग करा.’

महाराष्ट्रातल्या कोणत्याही वाढत्या शहराच्या वेशीवर अशा मजकुराचे ब्रोशर हातात पडते. गुळगुळीत कागद, वर हिरवळीचे चित्र, आत रंगीत नकाशा, त्यात पिवळे चौकोन म्हणजे शिल्लक प्लॉट आणि लाल चौकोन म्हणजे विकले गेलेले. वरचा मजकूर नमुन्यादाखल लिहिला आहे, पण त्यातला शब्दन् शब्द ओळखीचा वाटेल. पेन्शनीचे पैसे, शेत विकून आलेली रक्कम किंवा मुलाने परदेशातून पाठवलेली शिल्लक अशा मजकुराच्या भरवशावर गुंतते. म्हणून तो नीट वाचता आला पाहिजे.

रस्ते, गार्डन, ड्रेनेज आणि प्लॉटचे माप या चार गोष्टी ब्रोशरमध्ये चार वेगवेगळ्या सोयींसारख्या मांडलेल्या असतात. पण त्या निघतात एकाच जमिनीतून. एकीला जागा जास्त दिली की दुसरीची कमी होते. त्यामुळे सगळ्यांत आधी हिशेब करायचा तो जमिनीचा, आणि त्याला शाळेतली बेरीज-वजाबाकी पुरते.

चार एकरांत प्लॉट किती बसतात?

एक एकर म्हणजे ४० गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. चार एकरांचे १६० गुंठे झाले.

ही जमीन गावच्या रस्त्याला लागून आहे आणि तो रस्ता पुढे रुंद होणार आहे, असे धरू. समोरची एक पट्टी रस्तारुंदीत जाईल. जमिनीची दर्शनी बाजू शंभर मीटर आणि पट्टी तीन मीटर असेल तर तीन गुंठे गेले. उरले १५७.

मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रे सोडली तर राज्यभर २०२०च्या डिसेंबरपासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. बांधकाम खात्यातले आणि आर्किटेक्ट लोक तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. तिच्याप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट करताना १० टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी सोडावी लागते. रस्तारुंदीची जागा वजा करून उरलेल्या क्षेत्रावर हे दहा टक्के काढतात. १५७ गुंठ्यांचे दहा टक्के म्हणजे जवळजवळ १६ गुंठे. उरले १४१.

यातून अंतर्गत रस्ते काढायचे. पंधराशे फुटी प्लॉट असतील तर रस्त्यांच्या ओळी जास्त लागतात आणि एकूण जमिनीच्या वीस टक्क्यांहून थोडी अधिक जागा रस्त्यांत जाते. चौतीस गुंठे धरले तर विकण्याजोगे उरतात १०७ गुंठे, म्हणजे एक लाख सोळा हजार चौरस फूट. पंधराशेने भागले की सत्त्याहत्तर प्लॉट होतात.

ब्रोशरमध्ये मात्र शंभर आहेत. शंभर प्लॉट गुणिले पंधराशे म्हणजे दीड लाख चौरस फूट, अर्थात १३८ गुंठे. १६० मधून ते काढले की २२ उरतात. त्यातले तीन रस्तारुंदीला आणि सोळा मोकळ्या जागेला दिले तर सगळ्या अंतर्गत रस्त्यांसाठी तीन गुंठे राहतात. तीन गुंठ्यांत शंभर घरांचे रस्ते होणे अशक्य आहे. म्हणजे दोनपैकी एक गोष्ट नक्की. एक तर ब्रोशरचा लेआउट मंजूर झालेल्या लेआउटपेक्षा वेगळा आहे, नाहीतर ‘पंधराशे’ हा आकडा प्लॉटचा नाही.

हा हिशेब ब्रोशरच्या मागच्या कोऱ्या पानावर पाच मिनिटांत होतो. एकूण क्षेत्राच्या ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास प्लॉट निघत असतील तर मांडणी पटण्यासारखी आहे. आकडा ८५ टक्क्यांवर गेला तर रस्ता किंवा मोकळी जागा कुठेतरी खाल्ली गेली आहे असे समजावे.

पंधराशे म्हणजे किती?

बऱ्याचदा दुसरीच गोष्ट खरी निघते. प्लॉटच्या मापात रस्त्याचा आणि मोकळ्या जागेचा हिस्सा मिसळलेला असतो. गुंठ्यावर विक्री होते तिथे याला ‘रस्त्यासहित गुंठा’ म्हणतात, तर ब्रोशरच्या भाषेत तो ‘सेलेबल एरिया’ होतो. ओळखायची खूण सोपी आहे. नकाशात प्लॉटच्या चारही बाजूंना लांबी-रुंदी लिहिलेली असते, तिचा गुणाकार करायचा. बाजू ९ मीटर आणि १२.२ मीटर असतील तर क्षेत्र सुमारे ११० चौरस मीटर होते, म्हणजे १,१८२ चौरस फूट. ब्रोशरमध्ये १,५०० लिहिले असेल तर वरचे ३१८ फूट रस्त्याचे आहेत. दोन हजार रुपये फुटाने तीस लाख मोजले, तर हाती येणाऱ्या जमिनीचा दर पडला अडीच हजारांच्या वर. खरेदीखतात आणि सातबाऱ्यावर नाव लागते ते १,१८२चेच. हिस्सा धरून दर सांगणे एकवेळ चालेल, पण निव्वळ माप शेजारी लिहिलेले हवे.

मापाइतकाच आकारही महत्त्वाचा. प्लॉटवर हद्दीपासून हद्दीपर्यंत घर बांधता येत नाही. चारही बाजूंना जागा सोडावी लागते, जिला सगळे ‘मार्जिन’ म्हणतात. ती रस्त्याच्या रुंदीप्रमाणे आणि घराच्या प्रकाराप्रमाणे बदलते. लहान रस्त्यावरच्या स्वतंत्र बंगल्यासाठी समोर ३ मीटर आणि उरलेल्या तीन बाजूंना दीड-दीड मीटर धरून पाहू. तीस बाय पन्नास फुटांच्या प्लॉटवर मग सुमारे सातशे दहा चौरस फुटांचा तळमजला बसतो. ६.१ मीटर रुंद आणि १०.७ मीटर लांब अशी ही जागा आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिना तिच्यात मावतात.

आता तेच पंधराशे फूट वीस बाय पंच्याहत्तर अशा लांबट प्लॉटमध्ये घ्या. दोन्ही बाजूंचे मार्जिन गेले की रुंदी उरते १० फूट, आणि लांबी ६०. एकामागे एक खोल्या लावल्या तर प्रत्येक खोली ओलांडूनच पुढच्या खोलीत जावे लागते, आणि बाजूने बोळ काढला तर खोली सहा-सात फुटांची होते. दर आणि क्षेत्र दोन्ही सारखे, पण मनासारखे घर एकावरच बसते. कॉर्नर प्लॉटचेही तसेच. त्याला दर जास्त लागतो, पण दोन बाजूंना रस्ता असल्याने रस्त्याकडचे मोठे मार्जिन दोन्हीकडे सोडण्याची वेळ येते. दुकान काढायचे असेल तर कॉर्नर हवाच. राहायचे घर बांधायचे असेल तर आधी कागदावर मार्जिन आखून मध्ये काय उरते ते पाहावे.

तीस फूट कुठून कुठपर्यंत?

नऊ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट, ब्रोशरचे ‘तीस फूट’. ही रुंदी मोजतात ती समोरासमोरच्या दोन प्लॉटच्या हद्दींमधली. तिच्यात डांबर असते साडेपाच ते सहा मीटर. बाकीच्या जागेत दोन्हीकडची गटारे, विजेचे खांब, पाण्याची लाइन आणि जमलीच तर झाडे. म्हणून साइटवर नुसते डांबर मोजून ‘रस्ता कमी आहे’ म्हणू नये. आणि डांबर तीस फूट दिसले तर आनंदूनही जाऊ नये, कारण मग गटाराला जागा कुठे ठेवली हा प्रश्न येतो.

रुंदी किती हवी हे रस्त्याच्या लांबीवर ठरते. नियमावलीप्रमाणे निवासी लेआउटमध्ये दीडशे मीटरपर्यंतचा अंतर्गत रस्ता नऊ मीटर रुंद चालतो. दीडशे ते तीनशे मीटर लांब असेल तर बारा मीटर लागतो आणि त्याहून लांब असेल तर पंधरा. कारण उघड आहे. रस्ता जितका लांब तितकी त्यावर घरे जास्त, गाड्या जास्त, आणि अग्निशमनाचा बंब किंवा पाण्याचा टँकर आत शिरून वळून बाहेर यायला जागाही जास्त हवी. ब्रोशरच्या नकाशात एखादा नऊ मीटरचा रस्ता पंधरा-सोळा प्लॉट ओलांडून सरळ मागच्या हद्दीला भिडलेला दिसला, तर त्याच्यावरच्या प्लॉटच्या रुंद्या मिळवाव्यात. नऊ मीटरचा एक प्लॉट, असे सतरा प्लॉट म्हणजे दीडशे मीटर ओलांडले.

रस्ता मागे जाऊन बंद होत असेल तर टोकाला गाडी वळवायला रुंद जागा ठेवलेली हवी. मंजूर नकाशात ती असते. ब्रोशरमध्ये पुष्कळदा तिच्यावर एक प्लॉट चढलेला असतो. दुसरी पाहण्याची जागा म्हणजे प्रवेश. आत नऊ मीटर आणि बाहेरच्या डांबरी रस्त्यापर्यंत मात्र बैलगाडीची वहिवाट, असेही आढळते. बांधकाम परवानगी मागायला गेल्यावर हा पोहोच रस्ता किती रुंद आहे आणि कागदोपत्री कोणाचा आहे हेच पहिल्यांदा विचारले जाते.

रस्ता कसा केला आहे हेही जवळून पाहता येते. मुरूम अंथरून वर खडीचा थर, त्यावर रोलर आणि मग डांबर, हा त्याचा क्रम. काळ्या मातीवर थेट खडी टाकून वरून पातळ डांबर मारले असेल तर पहिल्या पावसाळ्यानंतर चाकोरीच्या दोन रेघा खचतात. डांबराची कड जिथे उघडी पडते तिथे बसून थर मोजावेत, ते उघड दिसतात.

गार्डन नकाशावर कोणत्या नावाने आहे?

ब्रोशरमधली हिरवळ मंजूर नकाशात दोन वेगळ्या नावांनी असू शकते. एक ‘ओपन स्पेस’ आणि दुसरे ‘अॅमेनिटी स्पेस’. ओपन स्पेस म्हणजे वर सांगितलेली दहा टक्के जागा, प्लॉटधारकांच्या सामाईक वापराची. अॅमेनिटी स्पेस मोठ्या लेआउटमध्ये वेगळी सोडावी लागते आणि ती शाळा, दवाखाना, बाजार अशा सोयींसाठी असते. तिथे पुढे इमारत उभी राहणे हाच तिचा हेतू. ब्रोशरवाल्याने तिच्यावर हिरवा रंग आणि घसरगुंडी काढली असेल, तर तिच्यासमोरचा ‘गार्डन फेसिंग’ प्लॉट काही वर्षांनी दवाखान्याच्या भिंतीसमोर येईल.

ओपन स्पेस शक्यतो एकाच ठिकाणी असावी असे नियम सांगतो. ०.८ हेक्टरहून मोठ्या लेआउटमध्ये ती तुकड्यांत सोडता येते, पण एक तुकडा दोनशे चौरस मीटरहून लहान नसावा. आपल्या उदाहरणात सोळा गुंठे आहेत, म्हणजे साधारण चाळीस मीटर बाय चाळीस मीटर. तिथे मुलांना क्रिकेट खेळता येते, ज्येष्ठांना फेऱ्या मारता येतात. हेच सोळा गुंठे हद्दीच्या कडेने आठ मीटर रुंदीची दोनशे मीटर पट्टी म्हणून दिले, तर क्षेत्र बरोबर भरते आणि उपयोग शून्य होतो.

ओपन स्पेस कुठे काढली आहे ते पाहिले की लेआउट करणाऱ्याचे मन कळते. ज्या जागेवर प्लॉट पडत नाही तिथे ती ढकलायची सवय फार आहे. विजेच्या उच्चदाब तारांखाली, ओढ्याच्या काठाला, उताराच्या कोपऱ्यात, किंवा तिरक्या हद्दीमुळे उरलेल्या त्रिकोणात. म्हणून साइटवर गेल्यावर प्लॉटआधी ती जागा पाहावी. तिच्यावर रस्त्यावरून थेट जाता येते का, आणि वर तारा आहेत का, हे दोन प्रश्न पुरतात.

ड्रेनेज कुठे जाऊन मिळते?

चारही गोष्टींत ब्रोशरमध्ये सर्वांत कमी शब्द ड्रेनेजला मिळतात, आणि घर झाल्यावर सर्वांत जास्त त्रास त्याचाच होतो. ‘अंडरग्राउंड ड्रेनेज’ या दोन शब्दांत दोन वेगळी पाणी लपलेली असतात. एक पावसाचे, दुसरे घरातले मैलापाणी. दोघांच्या वाटा वेगळ्या हव्यात आणि दोघांबद्दल विचारायचा प्रश्न एकच: ही लाइन शेवटी कुठे जाऊन मिळते?

आधी पावसाचे पाणी. चार एकर म्हणजे सुमारे सोळा हजार चौरस मीटर. तासात पन्नास मिलिमीटर अशी जोराची सर आली तर या जागेवर आठ लाख लिटर पाणी पडते. शेत होते तेव्हा त्यातले बरेचसे ढेकळांत मुरायचे, बांधाशी अडायचे. घरे, फरशा आणि डांबर झाल्यावर साठ टक्के तरी वाहून जाणार. म्हणजे तासाला चार लाख ऐंशी हजार लिटर, सेकंदाला १३३ लिटर.

एक फूट रुंद आणि एक फूट खोल असे काँक्रीटचे गटार धरा. त्याला दोनशे मीटरला एक मीटर, म्हणजे शंभर मीटरला अर्धा मीटर उतार असेल तर ते काठोकाठ भरून सेकंदाला नव्वदएक लिटर पाणी नेते. दोन बाजूंची दोन गटारे मिळून एकशे ऐंशी. पाणी निघून जाईल. आता तेच गटार जवळजवळ सपाट टाकले, हजार मीटरला एक मीटर उतार ठेवला, तर त्याची क्षमता चाळीस लिटरवर येते. दोन्ही मिळून ऐंशी. १३३ लिटर येते आणि ऐंशी जाते, तेव्हा उरलेले रस्त्यावर चढते आणि सखल प्लॉटमध्ये शिरते. गटार तेच, काँक्रीट तेच, फरक फक्त उताराचा. म्हणून ‘गटार आहे का’ यापेक्षा ‘गटाराला पडती किती’ हा प्रश्न मोलाचा.

तो तपासायला मोठे यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात. तिची दोन टोके दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीला राहते, आणि तिथून जमीन किती खाली आहे ते टेपने मोजता येते. नळी लहान असेल तर टप्प्याटप्प्याने पुढे जावे. आपल्या चार एकरांची लांबी एकशे साठ मीटर असेल, तर वरच्या टोकापासून पाणी बाहेर पडण्याच्या जागेपर्यंत ऐंशी सेंटिमीटर पडती मिळाली पाहिजे. मिळत नसेल तर गटारे मोठी हवीत किंवा भराव टाकून उतार करायला हवा. दोन्हींचा खर्च कोणी करायचा ते आधीच ठरवून घ्यावे. भराव घालून रस्ता उंच केला आणि प्लॉट तसेच ठेवले, तर प्रत्येक घरमालकाला स्वतःच्या पैशाने मुरूम टाकावा लागतो. साइटवर रस्ता प्लॉटपेक्षा दोन फूट उंच दिसला तर तो खर्च किमतीत धरूनच भाव करावा.

हे झाले फक्त आतले पाणी. वरच्या अंगाच्या शेतांचे पाणीही याच जमिनीतून पूर्वापार वाहत आले असेल. ते कुठून जाते हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारावे, त्याला ते तोंडपाठ असते. गाव नकाशा काढून पाहावा. त्यात ओढा किंवा नाला दाखवलेला असतो. गाव नकाशात नाला आहे आणि ब्रोशरच्या नकाशात त्या जागी प्लॉट आहेत असे आढळले, तर तिथेच थांबावे. नाल्यात दोन फुटी पाइप टाकून वर मुरूम पसरला म्हणजे नाला नाहीसा होत नाही. मोठ्या पावसात पाणी जुन्या वाटेनेच येते. नदीकाठच्या जमिनीसाठी निळी आणि लाल पूररेषा पाहावी लागते. निळीच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या टप्प्यात, घर बांधू देत नाहीत. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि तिच्यापर्यंत अटी असतात.

आता मैलापाणी. शहराची भुयारी गटार योजना लेआउटच्या दारापर्यंत आलेली असेल तर प्रश्न मिटला. पण वेशीवरच्या गावांत ती बहुधा नसते. मग ‘अंडरग्राउंड ड्रेनेज’चा अर्थ इतकाच की घरापासून रस्त्याच्या टोकापर्यंत पाइप टाकला आहे. टोकाला सामाईक प्रक्रिया टाकी असेल तर ती किती घरांसाठी आहे आणि तिचे वीजबिल कोण भरणार हे विचारावे. तीही नसेल तर पाइपचे तोंड ओढ्यात उघडते.

प्रत्येक प्लॉटमध्ये सेप्टिक टँक आणि शोषखड्डा हा दुसरा मार्ग. मुरमाड जमिनीत तो चालतो. काळ्या चिकण मातीत मात्र पावसाळ्यात माती फुगते, पाणी मुरत नाही, शोषखड्डा भरतो आणि मैलापाणी अंगणात येते. याला जोडून एक अडचण येते, जी ब्रोशर वाचताना लक्षात येत नाही. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर यांत पंधरा-अठरा मीटर तरी अंतर ठेवावे असा संकेत आहे. तीस बाय पन्नासच्या प्लॉटची लांबी जेमतेम पंधरा मीटर. म्हणजे प्रत्येकाने आपल्या प्लॉटमध्ये बोअर आणि शोषखड्डा दोन्ही घेतले, तर शेजाऱ्याचा खड्डा आपल्या बोअरपासून पाच-सात मीटरवर येऊ शकतो. लहान प्लॉटच्या लेआउटला पिण्याचे पाणी बाहेरून नळाने तरी यावे, नाहीतर मैलापाणी एकत्र करून लांब न्यावे. दोन्हींपैकी काय होणार हे ब्रोशरने सांगायला हवे.

मंजूर नकाशा

इथपर्यंतची सगळी पडताळणी एका कागदाशी करायची असते. तो म्हणजे शिक्का आणि मंजुरीचा क्रमांक असलेला लेआउटचा नकाशा. लेआउटला आधी तात्पुरती मंजुरी मिळते. मग भूमी अभिलेख खात्याची मोजणी होऊन जमिनीवर रस्ते आणि प्लॉट आखले जातात. ते जुळले, रस्ते-गटारांची कामे झाली की अंतिम मंजुरी. त्यानंतर कमी-जास्त पत्रक होऊन प्रत्येक प्लॉटचा, तसेच ओपन स्पेसचाही स्वतंत्र उतारा तयार होतो. ‘एन.ए. मंजूर’ म्हणणारे ब्रोशर यातल्या कोणत्या पायरीवर आहे ते विचारावे. तात्पुरत्या मंजुरीत प्लॉटची मापे अजून बदलू शकतात. आणि शंभर जणांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक हिश्शाने चढवण्याचे आश्वासन मिळत असेल, तर तो लेआउटच नाही. तुकडेबंदीच्या १९४७च्या कायद्याची अडचण तिथे उभी राहू शकते आणि आपला प्लॉट नेमका कुठला हे कोणताच कागद सांगत नाही.

पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरचे प्लॉट विकायचे तर महारेराची नोंदणी लागते. प्लॉटिंगही त्यात येते, फक्त फ्लॅट नव्हे. नोंदणीशिवाय जाहिरात करता येत नाही. नोंदणीचा क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता ब्रोशरवर हवाच, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. तो फोनने स्कॅन केला की विकासकाने प्राधिकरणाकडे दाखल केलेली माहिती दिसते. तिथला लेआउट आणि हातातला ब्रोशरचा नकाशा शेजारी ठेवून प्लॉटचे क्रमांक, रस्त्यांची रुंदी आणि ओपन स्पेसची जागा ताडून पाहावी.

असा मजकूर हवा

वरच्याच चार एकरांचे ब्रोशर सरळपणे लिहायचे ठरवले तर ते असे होईल:

‘एकूण क्षेत्र १६,१९० चौ.मी. रस्तारुंदीत ३०० चौ.मी., ओपन स्पेस १,५९० चौ.मी. एकाच ठिकाणी, अंतर्गत रस्ते ३,४४० चौ.मी., प्लॉटखाली निव्वळ १०,८६० चौ.मी. एकूण ७६ प्लॉट, निव्वळ माप १२० ते १८० चौ.मी., प्रत्येकाची लांबी-रुंदी सोबतच्या मंजूर नकाशात. सर्व अंतर्गत रस्ते ९ मीटर रुंद, त्यांत ५.५ मीटर डांबर, दोन्ही बाजूंना झाकलेली काँक्रीट गटारे, पडती दोनशेला एक. पावसाचे पाणी उत्तर हद्दीच्या नाल्यात सोडले आहे, नाल्याच्या काठी प्लॉट नाहीत. भुयारी गटार योजना अद्याप आलेली नाही. ७६ घरांसाठी सामाईक प्रक्रिया टाकी बांधली असून तिचा देखभाल खर्च प्लॉटधारकांनी भरायचा आहे. लेआउटला अंतिम मंजुरी मिळाली आहे. मंजुरीचा क्रमांक, तारीख आणि महारेरा नोंदणी खाली.’

यात निसर्गाचे सान्निध्य नाही. पण प्रत्येक वाक्य टेप, नकाशा किंवा नळी घेऊन तपासता येते, आणि न आलेली भुयारी गटार योजनाही यात सांगितली आहे. बेरीजही जुळते, करून पाहा. विकणारा प्रामाणिक असेल तर हे आकडे त्याच्या आर्किटेक्टच्या नकाशात आधीच एका तक्त्यात असतात. ते ब्रोशरमध्ये उतरवायला त्याला अर्धा तास पुरेल. म्हणून हा तक्ता मागावा, आणि मिळत नसेल तर मंजूर नकाशाची प्रत मागावी.

खरेदी करणाऱ्याच्या बाजूने कायदाही आहे. २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या विधानावर विसंबून पैसे दिले आणि नुकसान झाले, तर विकासकाला भरपाई द्यावी लागते. व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर भरलेली रक्कम व्याजासह परत मागता येते. कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. या कलमांचा उपयोग होण्यासाठी मजकूर हातात राहायला हवा. पहिला चेक देण्याआधी ब्रोशरवर तारीख घालून ते फाइलला लावावे, प्लॉटचे निव्वळ माप, रस्त्याची रुंदी आणि ड्रेनेजची सोय करारनाम्यात शब्दांत लिहून घ्यावी आणि मंजूर नकाशा कराराला जोडून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात.